फुगा फुगतो कसा आणि फुटतो कसा: 1865 च्या मुंबईचा हिशोब

एखादा आयपीओ येणार असला की 'ग्रे मार्केटमध्ये एवढा प्रीमियम चालू आहे' असे मेसेज फिरू लागतात. गावाजवळून नवा रस्ता जाणार अशी कुणकुण लागली की बांधाबांधावर एजंट दिसायला लागतात. सोनं चढलं की सराफाकडे गर्दी होते. मग कुठेतरी छापून येतं की हा फुगा आहे, आणि वाचणाऱ्याला साधा प्रश्न पडतो. महाग झालेली वस्तू लोक जास्त का घेतात? कांदा महागला की आपण दोन किलोऐवजी अर्धा किलो आणतो. शेअर किंवा जमीन महागली की गिऱ्हाईक उलट वाढतं, ते कसं?

याचं उत्तर समजून घ्यायला मुंबईसारखं दुसरं शहर नाही. 1863 ते 1865 या काळात इथे जो 'शेअर मॅनिया' झाला, त्यात फुग्याची प्रत्येक पायरी स्पष्ट दिसते: पैसा कुठून आला, भाव कशाच्या जोरावर चढला, कोणत्या तारखेला सगळं कोसळलं आणि त्याचा भार कुणावर पडला.

## खायला घेणं आणि विकायला घेणं

कांदा आपण खायला घेतो. म्हणून त्याचा भाव वाढला की आपली खरेदी कमी होते. पण तोच कांदा कुणी पुढच्या महिन्यात विकायचा म्हणून साठवत असेल, तर त्याचा हिशोब वेगळा असतो. आजचा भाव जास्त की कमी याला त्याच्या लेखी फारसं महत्त्व नसतं. उद्याचा भाव आजच्यापेक्षा जास्त असेल का, एवढंच तो पाहतो. आणि उद्याचा अंदाज बांधायला त्याच्याकडे सगळ्यात सोपी खूण म्हणजे कालपासून आजपर्यंत भाव किती चढला. चढता भाव हीच मग खरेदीची जाहिरात होते.

तरी कांद्याला मर्यादा आहे. तो सडतो, आणि शेवटी कुणीतरी तो खाणार असतो. खाणाऱ्याने हात आखडला की साठवणाऱ्याला लगेच कळतं. शेअर सडत नाही आणि कुणी खातही नाही. तो एका विकणाऱ्याकडून दुसऱ्या विकणाऱ्याकडे कितीही वेळा जाऊ शकतो. कंपनी प्रत्यक्षात किती कमावते हे तपासण्याची वेळ महिनोन् महिने कुणावर येत नाही.

फुगा म्हणजे हीच अवस्था. वस्तूपासून पुढे जे उत्पन्न मिळू शकतं, त्याच्याशी तिच्या किमतीचा संबंध तुटलेला असतो आणि पुढचा माणूस आणखी जास्त देईल या भरवशावरच ती किंमत टिकून असते. नुसती महाग वस्तू म्हणजे फुगा नव्हे. मुंबईतलं घर महाग आहे, पण त्यात राहणारा, भाडं देणारा माणूस असेल तर त्या किमतीला काहीतरी आधार असतो.

## सुरुवात खऱ्या पैशाने होते

एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने ती बंदरं अडवली आणि तो कापूस थांबला. गिरण्यांना दुसरीकडून माल हवा होता आणि एवढा कापूस देऊ शकेल असा देश म्हणजे हिंदुस्थान. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथला कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला. आधी हलका म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या मालाचा भाव लिव्हरपूलमध्ये काही पटींनी चढला. मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला कापूस विकल्याच्या गोष्टी आजही सांगतात.

एरवीच्या भावाने जे पैसे मिळाले असते, त्याहून सुमारे 8 कोटी 10 लाख पौंड जास्त या काही वर्षांत मुंबईत आले असं तेव्हाचे जाणकार मांडत. एका पौंडाला दहा रुपये धरले तर ते 81 कोटी रुपये होतात, तेही 1860 च्या दशकातले.

फुग्याची सुरुवात थापेने होते असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव आणि वाचन उलट सांगतं. सुरुवातीला बहुधा एक खरी, भक्कम गोष्ट असते. कापसाचा पैसा खरा होता, तो चांदीसोन्याच्या रूपात जहाजांतून उतरत होता. अडचण पुढे आली. एवढ्या पैशाला गुंतवायला जागा नव्हती. तो पैसा कागदाकडे वळला.

1855 मध्ये मुंबईत दहाएक विमा कंपन्या सोडल्या तर भागभांडवलाच्या कंपन्या जवळपास नव्हत्याच. जानेवारी 1865 पर्यंत 31 बँका, 16 वित्तसंस्था, 8 जमीन कंपन्या, 16 कापूस दाबणाऱ्या प्रेस कंपन्या, 10 जहाज कंपन्या आणि 20 विमा कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. त्याखेरीज इतर कंपन्या 62. शेअर दलालांची संख्या 1860 मध्ये साठच्या आसपास होती, ती दोनशेच्या वर गेली.

## बॅक बे: समुद्रात असलेली जमीन

यातली सगळ्यात गाजलेली कंपनी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागरात भर घालून जमीन तयार करायची आणि ती विकायची, ही योजना. कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. मुंबई बेटावर जागा अपुरी होती, रेल्वेला कुलाब्याकडे जायला वाट हवी होती. आज ज्या किनाऱ्यावर आपण मरीन ड्राइव्हला फिरतो, तो पुढे भर घालूनच तयार झाला.

शेअरमागे 5,000 रुपये भरलेले होते. मुंबई सरकारने यातले 400 शेअर स्वतःसाठी ठेवायचं ठरवलं होतं, पण कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारने ते नामंजूर केलं. तेव्हा ते 400 शेअर जाहीर लिलावात विकले गेले. प्रत्येक शेअरवर 26,500 रुपये प्रीमियम मिळाला, म्हणजे एकूण 1 कोटी 6 लाख. प्रीमियम म्हणजे भरलेल्या रकमेच्या वर मोजलेली जादा किंमत.

इथे क्षणभर थांबून हिशोब करू. 5,000 अधिक 26,500 म्हणजे घेणाऱ्याने एका शेअरला 31,500 रुपये दिले. त्यातले फक्त 5,000 म्हणजे शेअरमागे भरलेली रक्कम. उरलेले 26,500 नुसत्या भरवशाचे. म्हणजे या खरेदीत नुसतं नुकसान टाळायचं तरी शेअरमागे भरलेल्या रकमेच्या सहापटींहून जास्त पैसे त्या जमिनीतून परत यायला हवे होते. आणि ती जमीन अजून पाण्याखाली होती. हा हिशोब त्या दिवशी कुणालाही करता आला असता. पण पुढे हाच शेअर 50,000 पर्यंत चढला आणि 31,500 ला घेणारा हुशार ठरला. चढता भाव असा शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद करतो.

## उधारीचं चक्र

केवळ लोकांच्या खिशातल्या पैशावर भाव एवढा चढत नाही. खिसा रिकामा झाला की खरेदी थांबते. भाव पुढे नेतं ते कर्ज, आणि तेही त्याच शेअरवर काढलेलं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेअरचा भाव 3,000 आहे. माझ्याकडे 1,000 आहेत, बँक त्याच शेअरच्या तारणावर 2,000 देते. मी एक शेअर घेतो. भाव दुप्पट, 6,000 होतो. आता बँकेच्या लेखी माझं तारण दुप्पट झालं, म्हणून ती आणखी 2,000 देते. ते माझे 'स्वतःचे' म्हणून मी घालतो, बँक नव्या शेअरवर 4,000 देते आणि मी 6,000 ला दुसरा शेअर घेतो. माझ्याकडे 12,000 चे शेअर आणि 8,000 चं कर्ज. वजा करता 4,000. घातले होते 1,000.

आता भाव एक तृतीयांशाने उतरून 4,000 झाला तर माझे शेअर 8,000 चे, कर्जही 8,000. सगळं संपलं. आणि भाव परत 3,000 वर आला, म्हणजे मी पहिला शेअर घेतला होता तेवढाच झाला, तर माझ्याकडे 6,000 चा माल आणि 8,000 चं कर्ज. मी बुडालो, शिवाय बँकेचे 2,000 बुडाले. भाव मूळच्या खाली गेलेलाही नाही.

वर जातानाचं चित्र यात महत्त्वाचं आहे. भाव चढल्यामुळे कर्ज मिळालं, कर्जामुळे खरेदी झाली, खरेदीमुळे भाव चढला. उतरताना हेच उलटं फिरतं. भाव उतरला की बँक तारण कमी पडलं म्हणते, मी शेअर विकतो, माझ्यासारखे शेकडो विकतात, भाव आणखी उतरतो.

मुंबईत हे काम नव्या वित्तसंस्थांनी केलं. शेअरच्या तारणावर पैसे देणं हाच त्यांचा मुख्य धंदा होता. पण सगळ्यात मोठा दोष मी देईन तो बँक ऑफ बॉम्बेला. 1840 मध्ये स्थापन झालेली ही बँक ऐऱ्यागैऱ्यांची नव्हती. तिच्यात सरकारचं भांडवल होतं, संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी होते. 1863 च्या नव्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधनं सैल झाली आणि तिला कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देता येऊ लागलं. तेव्हाच्या बाजारातले सगळ्यात वजनदार दलाल प्रेमचंद रायचंद यांचा बँकेवर मोठा प्रभाव होता. ते म्हणतील त्याला शेअर मिळे, त्यांच्या शब्दावर कर्ज मिळे. सट्टा करणारा सट्टा करतो, त्याचं नवल नाही. पण लोक ज्या संस्थेला सरकारी समजून पैसे ठेवत होते, तिनेच दार उघडून दिलं.

## 1 जुलै

एवढ्यावर भागलं नाही. बरेच सौदे वायद्याचे होते. वायदा म्हणजे आज भाव ठरवायचा आणि माल व पैसा पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचा. असे असंख्य सौदे 1 जुलै 1865 या एकाच दिवसावर बेतलेले होते.

समजा, 'अ'ने 'ब'कडून 40,000 ला शेअर घ्यायचं कबूल केलं. 'ब'ने तोच 'क'कडून 38,000 ला घ्यायचं आधीच ठरवलंय. 'ब' निवांत आहे, त्याचे 2,000 पक्के. पण भाव 10,000 वर आला आणि 'अ' हात वर करून मोकळा झाला, तर 'ब'ला 'क'कडून 10,000 चा कागद 38,000 ला घ्यावा लागेल. ज्याने सावधपणे फक्त दोन हजार मिळवायचे ठरवले होते, त्याला 28,000 चा खड्डा. 'ब'ने तेवढे दिले नाहीत तर 'क' गेला. अशा साखळीत कुणाची पत खरी आणि कुणाची कागदी हे कुणालाच माहीत नसतं. प्रत्येकजण पलीकडच्या माणसावर विसंबून.

9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपल्यात जमा झालं. मेच्या सुरुवातीला ही बातमी मुंबईत पोचली. अमेरिकन कापूस पुन्हा येणार, म्हणून कापसाचा भाव कोसळू लागला. खरं तर युद्ध कधीतरी संपणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. बातमीत नवं काय होतं? नवं एवढंच की आता सगळ्यांना एकाच वेळी प्रश्न पडला, 1 जुलैला समोरचा माणूस पैसे देईल का? भाव किती, यापेक्षा हा प्रश्न घातक असतो. कारण उत्तर 'बहुधा नाही' असं वाटलं की शहाणा माणूस आजच विकून मोकळा होऊ पाहतो, आणि घेणारा कुणी नसतो.

1 जुलैला साखळी तुटली. व्यापारी पेढ्या एकामागून एक बसल्या. दिवाळखोरांची संख्या एवढी की त्यांच्या मालमत्तांचा निकाल लावायला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. 50,000 चा बॅक बेचा शेअर दोन हजारांच्या आत आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 2,850 पर्यंत गेला होता, तो 87 रुपयांवर उतरला. प्रेमचंद रायचंद 1866 मध्ये दिवाळखोर झाले. बँक कशीबशी तग धरून 1868 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. तीच पुढे 1921 मध्ये इम्पिरिअल बँकेत सामील झाली आणि त्या बँकेची 1955 मध्ये स्टेट बँक झाली.

## एवढा पैसा गेला कुठे?

बाजार कोसळला की 'एवढे कोटी बुडाले' असे मथळे येतात. मग प्रश्न येतो, ते कोटी कुणाच्या खिशात गेले?

एका कंपनीचे 1,000 शेअर आहेत. आज त्यातला फक्त एक शेअर 50,000 ला विकला गेला. उरलेले 999 जण मनात म्हणतात, माझाही 50,000 चा. बेरीज केली तर पाच कोटी. पण आज हस्तांतर झालं ते 50,000 रुपयांचं. बाकीचे जवळपास पाच कोटी कुणी कधी मोजलेच नव्हते. उद्या एक शेअर 2,000 ला विकला गेला की बेरीज वीस लाख होते. मधले चार कोटी ऐंशी लाख कुणीही पळवलेले नाहीत.

हे ऐकून काही म्हणतील, मग नुकसान कागदीच झालं की. तसं नाही. जे वर असताना विकून गेले त्यांना खरे पैसे मिळाले, आणि ते उशिरा घेणाऱ्यांच्या खिशातून गेले. त्याहून वाईट म्हणजे ती कागदी संपत्ती खरी धरून लोकांनी खरं कर्ज काढलेलं असतं. संपत्ती एका दिवसात आकसते, कर्जाचा आकडा तसाच राहतो.

## ज्यांनी शेअर घेतलाच नाही, त्यांचं काय?

हा हावरटांचा प्रश्न, त्यांनी भोगावा, असं म्हणणं सोपं आहे. 1864 च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या 8,16,562 होती. 1872 मध्ये ती 6,44,405 भरली. तेजीच्या काळात कामाच्या आशेने आलेली माणसं काम संपल्यावर गेली. त्यातल्या फार थोड्यांनी शेअर पाहिला असेल.

दख्खनमध्ये झळ हळूहळू पोचली. कापसाचा भाव चढा असताना सावकार शेतकऱ्याला सहज कर्ज देत, कारण पीक तारण म्हणून भक्कम दिसे. भाव उतरल्यावर सावकाराने हात आखडला आणि जुनं कर्ज वसूल करायला कोर्टकचेरी सुरू केली. त्यातच नव्या जमाबंदीत सारा वाढला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जखतांच्या होळ्या केल्या. दंग्यांची कारणं आणखीही होती, पण कापसाच्या तेजीत वाढलेलं कर्ज हे त्यातलं एक होतं, हे तेव्हाच्या चौकशीतही पुढे आलं.

## शहाणी माणसं कशी अडकली?

डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वान, नामांकित डॉक्टर या शेअर व्यवहारांत मोठी रक्कम गमावून बसला. अशांना अक्कल नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे पाहिला तर बरोबर वाटतो. शेजाऱ्याने सहा महिन्यांत दुप्पट केले, हे खरं होतं. विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळत होतं, हेही खरं होतं. 1864 मध्ये बाजूला उभा राहिलेला माणूस वर्षभर मूर्ख दिसला. काहींना फुगा दिसतही होता, पण फुटायच्या आधी विकू असं त्यांनी ठरवलं होतं. सगळ्यांनीच तसं ठरवलं तर सगळ्यांना एकाच दारातून एकाच क्षणी बाहेर पडायचं असतं. ते शक्य नसतं.

## आता नियम आहेत, असं पुन्हा होईल का?

1 जुलैसारखी गोष्ट आपल्या शेअर बाजारात त्याच रूपात होणार नाही. 2023 पासून शेअर खरेदीचा व्यवहार दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो. वायद्यात रोजच्या रोज नफा-तोटा चुकता करावा लागतो आणि आगाऊ रक्कम भरावी लागते. साखळी सहा महिने वाढायला वाव नाही.

पण बँकेचा पैसा मागल्या दाराने सट्ट्यात येणं थांबलं असं समजू नये. 1992 मध्ये हर्षद मेहताने बँकांमधल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारातला पैसा शेअरकडे वळवला. सेन्सेक्स त्या एप्रिलमध्ये 4,467 पर्यंत गेला आणि मग कोसळला. कापसाचा पूर तेव्हा नव्हता, चक्र मात्र तेच होतं. आणि जिथे हे नियम पोचत नाहीत, म्हणजे ग्रे मार्केट, नोंदणी नसलेले प्लॉट, तोंडी इसाऱ्यावर चालणारे जमिनीचे सौदे, तिथे 1865 ची साखळी आजही जशीच्या तशी तयार होऊ शकते.

## मग आधी ओळखायचं कसं?

फुटण्याची तारीख आधी सांगता येत नाही. बॅक बेचा शेअर 31,500 लाच अवाजवी होता, पण तो 50,000 पर्यंत गेला. त्या भावाला 'फुगा' म्हणणारा बरोबर होता आणि तरी कितीतरी महिने चुकीचा दिसला.

तपासता येतात त्या दोन गोष्टी. एक, पुढचा गिऱ्हाईक मिळालाच नाही आणि ही वस्तू दहा वर्षं माझ्याकडेच राहिली, तर भाडं, लाभांश, पीक अशा रूपात ती मला काय देईल, आणि त्या उत्पन्नाने आजची किंमत निघेल का. बॅक बेसाठी हा हिशोब चार ओळींत झाला. दुसरी, घेणारे कुणाच्या पैशाने घेत आहेत. बचतीतून घेत असतील तर भाव पडल्यावर ते धरून बसू शकतात. त्याच वस्तूच्या तारणावर, किंवा दहा टक्के इसारा देऊन बाकी पुढच्या गिऱ्हाइकाकडून आणायच्या बेताने घेत असतील, तर भाव पडला की त्यांना विकावंच लागतं. जमिनीच्या सौद्यात हे सहज कळतं. इसारपावती तिसऱ्या-चौथ्या हातात गेली असेल आणि खरेदीखत एकाचंही झालेलं नसेल, तर तिथे 'अ', 'ब' आणि 'क' तिघेही हजर आहेत.